सरळ कापलेला फोटो बरोबर असतोच असं नाही

एका स्कॅनमध्ये चार-पाच जुने फोटो ठेवायचे आणि प्रोग्रामनं ते आपोआप वेगळे, सरळ करून द्यायचे, यासाठी नेटवर जी पद्धत सर्रास शिकवली जाते ती तुम्ही पाहिली असेल. आधी पांढरी पार्श्वभूमी वेगळी करायची, मग उरलेल्या ठिपक्यांच्या बाह्यरेषा काढायच्या, प्रत्येक बाह्यरेषेभोवती बसणारा सगळ्यात लहान आयत शोधायचा आणि तो आयत फिरवून कापायचा. ओपनसीव्हीमध्ये हे वीस ओळींत होतं. फोटोशॉपमधली तयार आज्ञा असो की फ्रेड वाइनहॉस यांची इमेजमॅजिकवर चालणारी multicrop स्क्रिप्ट, पार्श्वभूमी एकसारखी आणि फोटोच्या कडेपेक्षा वेगळी असावी हीच अपेक्षा सगळीकडे आहे. माझी तक्रार या पद्धतीच्या गणिताबद्दल नाही. ही अपेक्षा मोडली तरी उत्तर अगदी नीटनेटकं दिसतं, आणि शिकवताना ही गोष्ट कुणी सांगत नाही. तक्रार ती आहे.

माझी चूक सांगतो. आष्टीला घरी असताना कड्याच्या एका नातेवाइकांकडचा अल्बम दोन दिवसांसाठी आणला होता. साध्या ए-फोर फ्लॅटबेड स्कॅनरवर, 300 डीपीआयला, एका वेळी चार फोटो. स्कॅनरचं झाकण आतून पांढरं असतं, म्हणजे पार्श्वभूमी पांढरी. प्रोग्राम चालवला, सगळे फोटो सरळ, चौकोनी, सुरेख निघाले. जागा वाचावी म्हणून मूळ स्कॅन पुसून टाकले आणि अल्बम परत केला. नंतर एकीनं विचारलं, "अरे, त्या फोटोखाली नावं लिहिली होती ना, ती कुठंयत?"

तो फोटो सव्वाचार बाय सव्वातीन इंचांचा. त्या काळच्या कृष्णधवल प्रिंटना असते तशी पांढरी किनार, सुमारे पाच मिलिमीटरची. खालच्या किनारीत शाईनं चार नावं. आता प्रोग्रामनं काय केलं ते बघा. पांढरं म्हणजे पार्श्वभूमी, असं मीच सांगितलेलं, त्यामुळे किनार पार्श्वभूमीत गेली. शाईची अक्षरं वेगळी बाह्यरेषा म्हणून सापडली, पण धूळ आणि डाग गाळण्यासाठी मी एक चौरस इंचापेक्षा, म्हणजे 90,000 पिक्सेलपेक्षा लहान आकृत्या टाकून देत होतो. एक अक्षर वीस-तीस पिक्सेल उंच. ती नावं धुळीबरोबर गेली. नावांशिवाय त्या फोटोतल्या दोघींना ओळखणारं आता घरात कुणी नाही.

प्रोग्रामनं चूक दाखवली का? नाही. किनार चारही बाजूंनी सारखीच गेली, म्हणून उरलेला भागही आयतच होता, आणि तिरका कोनही अचूक सरळ झाला. डोळ्यांना यात काहीच खटकत नाही.

मग ओळखायचं कसं? पट्टीनं. सव्वाचार इंच गुणिले 300 म्हणजे 1275 पिक्सेल आणि सव्वातीन इंच म्हणजे 975. माझी फाईल होती 1157 बाय 857. दोन्ही दिशांना 118 पिक्सेल कमी, म्हणजे दहा मिलिमीटर, म्हणजे दोन्हीकडच्या पाच-पाच मिलिमीटरच्या किनारी. आकडा इतका नेमका जुळतो की वादाला जागाच राहत नाही. स्कॅन करण्याआधी प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण कोडच्या बाहेरून येणारा हा एकमेव पुरावा आहे.

दुसरी तपासणी कोडच्या आतच करता येते. बाह्यरेषेचं क्षेत्रफळ भागिले आयताचं क्षेत्रफळ. खरा चौकोनी फोटो असेल तर हे उत्तर 1 च्या अगदी जवळ यायला हवं. जुन्या स्टुडिओ पोर्ट्रेटमध्ये चेहऱ्याभोवतीचा भाग हळूहळू पांढरा होत जातो. तिथे प्रोग्रामला फोटो दिसतच नाही, फक्त मधला अंडाकृती भाग दिसतो. अंडाकृतीचं आयताशी प्रमाण 0.785 च्या आसपास, म्हणजे π/4. शिवाय ती आकृती जवळजवळ गोल असेल तर सगळ्यात लहान आयत कुठल्याही कोनात बसतो, आणि फोटो 'सरळ' होण्याऐवजी वाकडा होतो. पण लक्षात घ्या, माझ्या किनारीची चूक या तपासणीत सापडली नसती, कारण तिथे प्रमाण 1 च्या जवळच होतं. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या चुका पकडतात, म्हणून दोन्ही हव्यात.

उपाय कोडमध्ये शोधण्यात मी बराच वेळ घालवला. उंबरठा 240 करा, 250 करा. कागद पांढरा आणि झाकण पांढरं, तर हाती काही लागत नाही. खरा उपाय स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. काळा कार्डशीट ठेवला तर पांढरी किनार उठून दिसते, पण बिनकिनारीचा, कडेला गडद असलेला फोटो मग काळ्यात मिसळतो. म्हणून मी गडद निळा कार्डशीट घेतो. जुने कृष्णधवल फोटो करडे नाहीतर पिवळट पडलेले असतात, निळा रंग त्यांच्या कडेला येत नाही. शीटनं पूर्ण काच झाकली पाहिजे. उघडा राहिलेला पांढरा पट्टाही प्रोग्राम फोटोच समजतो. आणि फोटोंमध्ये बोटभर अंतर ठेवा. चिकटलेले दोन फोटो त्याच्या लेखी एकच.

```python
hsv = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2HSV)
bg = cv2.inRange(hsv, (100, 100, 30), (130, 255, 255))
mask = cv2.bitwise_not(bg)
cnts, _ = cv2.findContours(mask, cv2.RETR_EXTERNAL,
                           cv2.CHAIN_APPROX_SIMPLE)
for c in cnts:
    (x, y), (w, h), a = cv2.minAreaRect(c)
    if w * h > 90000:
        print(round(w), round(h),
              round(cv2.contourArea(c) / (w * h), 3))
```

हा तुकडा काहीच कापत नाही, फक्त मापं आणि प्रमाण छापतो. मुद्दाम तसा ठेवलाय. वहीतल्या मापांशी आकडे जुळले तरच पुढे कापायचं. निळ्याची मर्यादा तुमच्या शीटनुसार बदलावी लागेल. माप वहीपेक्षा मोठं आलं तर बहुतेक फोटोची कड वर उचललेली असते आणि तिची सावली फोटोत धरली गेलेली असते. `inRange` मधला 30 आणखी खाली आणून बघा. मात्र कडेला निळं आभाळ असलेल्या रंगीत फोटोला ही युक्ती चालणार नाही, त्याला दुसऱ्या रंगाचा शीट लागेल. आणि फोटोची वरची बाजू कुठली हे आयतावरून कधीच कळत नाही. नव्वद अंशांचा निर्णय तुम्हीच घ्यायचा.

शेवटी मी पुन्हा कड्याला गेलो, अल्बम पुन्हा आणला, निळ्या शीटवर ठेवला. या वेळी आकडे आले 1277 बाय 976. नावं आहेत. मूळ स्कॅनही आता टिफमध्ये जपून ठेवलेत, कारण कापलेली फाईल हे माझ्या प्रोग्रामचं मत आहे, आणि मत तपासायचं तर मूळ हाताशी लागतं.