त्रिस्तरीय की चतुःस्तरीय? : घनस्थिती लेसरच्या एका रूढ वर्गीकरणाची चिकित्सा

पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत लेसरच्या प्रकरणात दोन आकृत्या शेजारी शेजारी छापलेल्या असतात. पहिलीत तीन आडव्या रेषा असतात आणि खाली 'माणिक लेसर' असे लिहिलेले असते. दुसरीत चार रेषा असतात आणि खाली 'निओडिमियम-याग' असे नाव असते. सोबतच्या मजकुरात 'चतुःस्तरीय पद्धती अधिक कार्यक्षम असते' असे एक वाक्य येते आणि विषय संपतो. हे वाक्य चुकीचे नाही. परंतु ते कोणत्या अर्थाने खरे आहे, किती प्रमाणात खरे आहे आणि कोठे खरे राहत नाही, याची चर्चा होत नसल्याने विद्यार्थ्याच्या हाती केवळ एक शब्दजोडी उरते. प्रस्तुत लेखात या वर्गीकरणाची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी तीन स्फटिक पुरेसे आहेत : माणिक, निओडिमियमयुक्त याग आणि यिटर्बियमयुक्त याग.

प्रथम मूळ अडचण लक्षात घेऊ. प्रकाशाचे वर्धन होण्यासाठी वरच्या ऊर्जास्तरावरील आयनांची संख्या खालच्या स्तरावरील संख्येपेक्षा अधिक असावी लागते. यालाच संख्या-व्युत्क्रमण म्हणतात. केवळ दोन स्तर असतील तर ही स्थिती सतत प्रकाश टाकून साधता येत नाही. जो प्रकाश आयनाला वर नेतो तोच प्रकाश त्याला तितक्याच संभाव्यतेने खाली आणतो, आणि दिवा कितीही प्रखर केला तरी दोन्ही संख्या समान होण्याच्या पलीकडे जात नाहीत. म्हणून पंपनाचा मार्ग आणि लेसर-संक्रमणाचा मार्ग वेगळे करावे लागतात. तिसऱ्या स्तराचे प्रयोजन एवढेच आहे.

माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. लेसरसाठी वापरल्या जाणाऱ्या फिकट गुलाबी माणकात वजनाने सुमारे ०.०५ टक्के क्रोमियम ऑक्साइड असते. क्रोमियमचे आयन हिरवा आणि जांभळा प्रकाश दोन रुंद पट्ट्यांत शोषून घेतात, स्फटिकाच्या कंपनांना थोडी ऊर्जा देऊन अत्यल्प काळात एका मितस्थायी स्तरावर उतरतात आणि तेथे सरासरी ३ मिलिसेकंद थांबतात. तेथून मूलस्तरावर येताना ६९४.३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. सारी गोम 'मूलस्तरावर' या शब्दात आहे. लेसर-संक्रमणाचा खालचा स्तर हाच आयनांचे कायमचे वसतिस्थान असल्यामुळे, वर्धन सुरू होण्यापूर्वी जवळजवळ निम्मे आयन तेथून उठवावे लागतात. काटेकोरपणे पाहता माणकाचा वरचा स्तर दोन जवळच्या उपस्तरांत विभागलेला असल्याने ही मर्यादा निम्म्याहून किंचित खाली येते. तथापि पुढील विवेचनासाठी 'निम्मे' हा आकडा पुरेसा आहे.

या अडचणीमुळेच १९५९ मध्ये आर्थर शॉलो यांनी माणकाच्या या तांबड्या रेषा लेसरसाठी अनुपयुक्त ठरविल्या होत्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आयर्विन वीडर यांच्या मापनानुसार शोषलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १ टक्का प्रकाश तांबड्या चकाकीच्या रूपाने परत येत होता. हे खरे असते तर माणकाचा प्रश्न तेथेच मिटला असता. कॅलिफोर्नियातील ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी ते मापन पुन्हा केले, तेव्हा ही कार्यक्षमता सुमारे ७५ टक्के निघाली. मग प्रश्न फक्त दिव्याच्या प्रखरतेचा उरला, आणि १६ मे १९६० रोजी झेनॉनच्या सर्पिल झोतदिव्याने तो सुटला. ज्याला आपण आज 'अकार्यक्षम' पद्धतीचे उदाहरण म्हणून शिकवतो, तोच लेसर प्रथम चालला. चतुःस्तरीय पद्धतीचा पहिला लेसर त्याच वर्षाच्या अखेरीस आयबीएममध्ये सोरोकिन आणि स्टीव्हन्सन यांनी युरेनियमयुक्त कॅल्शियम फ्लुओराइडमध्ये सिद्ध केला; त्यासाठी स्फटिक अतिशीत करावा लागला होता.

आता प्रत्यक्ष आकडे मांडून पाहू. ५ सेंमी. लांबीची एक कांडी घेऊ. आरशांतून आणि अन्य मार्गांनी एका फेरीत होणारा प्रकाशाचा एकूण ऱ्हास लॉगरिदमी मोजमापाने ०.२ मानू. माणकाच्या ज्ञात उत्सर्जन-छेदावरून हिशेब केल्यास हा ऱ्हास भरून काढण्यासाठी एकूण आयनांपैकी केवळ ५ टक्के इतके निव्वळ व्युत्क्रमण पुरते. परंतु त्या ५ टक्क्यांपर्यंत पोहोचण्याआधी ५० टक्के आयन वर न्यावे लागतात. म्हणजे एकूण सुमारे ५२ ते ५३ टक्के. दर घन सेंमी. मध्ये साठवावी लागणारी ही ऊर्जा सुमारे २.४ ज्यूल भरते. तीपैकी लेसरच्या खऱ्या उपयोगाचा भाग फारच थोडा आहे. उरलेली ऊर्जा केवळ स्फटिक पारदर्शक करण्यासाठी खर्च होते.

त्याच मापाची निओडिमियम-यागची कांडी घेतली, तर चित्र पालटते. येथे लेसर-संक्रमण १०६४ नॅनोमीटरचे असून त्याचा खालचा स्तर मूलस्तरापेक्षा २,१११ तरंगसंख्या इतका वर आहे. कक्षतापमानाची औष्णिक ऊर्जा याच एककात सुमारे २०८ असल्याने त्या स्तरावर एक लाख आयनांमागे जेमतेम दोन आयन आढळतात. स्तर रिकामाच असल्यामुळे व्युत्क्रमण पहिल्या आयनापासून सुरू होते. तोच ०.२ ऱ्हास भरून काढण्यास दर दोन हजार आयनांपैकी सुमारे एक आयन वर असणे पुरते, आणि साठवावी लागणारी ऊर्जा दर घन सेंमी. ला ०.०१३ ज्यूल एवढीच निघते. माणकाशी तुलना केली तर हे प्रमाण साधारण १८० ला १ असे येते.

पाठ्यपुस्तकातील 'अधिक कार्यक्षम' या शब्दांमागे हाच आकडा असतो. मात्र तो अर्धाच हिशेब आहे, आणि माझा मुख्य आक्षेप येथे आहे. लेसर सतत चालवायचा असेल तर साठवलेली ऊर्जा जितक्या वेगाने चकाकीवाटे गळते तितक्या वेगाने ती पुरवावी लागते. माणकातील आयन ३ मिलिसेकंद टिकतो. निओडिमियमचा आयन सुमारे ०.२३ मिलिसेकंदच टिकतो. म्हणजे निओडिमियमची घागर लहान असली तरी तिचे छिद्र मोठे आहे. ऊर्जेला आयुष्यकालाने भागले असता माणकाला दर घन सेंमी. सुमारे ७९० वॉट आणि निओडिमियमला सुमारे ५८ वॉट लागतात. तफावत १८० पटींवरून सुमारे १४ पटींवर येते. फायदा मोठा आहेच. परंतु त्याचा आकार स्तरांच्या संख्येने एकट्याने ठरत नाही. मितस्थायी स्तराचे दीर्घ आयुष्य हीच माणकाची तारक बाजू होती : मिलिसेकंदाच्या आसपास चमकणाऱ्या दिव्याची ऊर्जा त्यात साठून राहू शकली. माणकाचा लेसर सतत चालणे अशक्य आहे अशी समजूतही यामुळेच टिकत नाही. बेल प्रयोगशाळेत नेल्सन आणि बॉइल यांनी १९६२ मध्ये स्फटिक थंड करून तो सतत चालवून दाखविला होता.

दोन्ही पद्धतींतील खरा भेद प्रयोगशाळेत ओळखायचा कसा? सर्वांत सोपी कसोटी आरसा बदलण्याची आहे. वरील उदाहरणात आरसे सुधारून ऱ्हास ०.२ वरून ०.१ वर आणला, तर निओडिमियमचा उंबरठा निम्मा होतो. माणकात मात्र उंबरठा दोन-तीन टक्क्यांनीच खाली येतो, कारण पारदर्शकतेचा मूळ खर्च आरशांवर अवलंबून नसतो. उंबरठा आणि ऱ्हास यांचा आलेख काढल्यास चतुःस्तरीय लेसरची रेषा शून्याजवळ पोहोचते, तर त्रिस्तरीय लेसरची रेषा उंचावरच अडते. दुसरी खूण कांडीच्या टोकांशी दिसते. पकडीखाली झाकलेल्या टोकांवर दिव्याचा प्रकाश पडत नाही. निओडिमियममध्ये असा भाग निरुपद्रवी असतो. माणकात तो लेसरचाच प्रकाश शोषतो. म्हणून काही माणिक कांड्यांच्या टोकांना क्रोमियमविरहित नीलमणी जोडत असत.

ही कसोटी हाती आली की रूढ आकृत्यांचा दुसरा दोष दिसू लागतो. त्या आकृत्या 'त्रिस्तरीय' हे विशेषण स्फटिकाला चिकटवतात. वास्तविक ते विशिष्ट संक्रमणाचे आणि विशिष्ट तापमानाचे विशेषण आहे. निओडिमियम-याग हाच स्फटिक ९४६ नॅनोमीटरवरही चालतो. त्या संक्रमणाचा खालचा स्तर मूलस्तर-समूहातीलच सर्वांत वरचा, ८४८ तरंगसंख्यांवरचा उपस्तर आहे. कक्षतापमानाला तेथे सुमारे ०.८ टक्के आयन बसलेले असतात. 'दर दोन हजारांत एक' या आवश्यकतेच्या तुलनेत हा अडथळा लहान नाही. त्याच कांडीचा आरसा बदलला आणि 'चतुःस्तरीय' स्फटिक माणकाच्या दिशेने सरकला, असे येथे होते.

यिटर्बियम-यागमध्ये हे अधिक ठळक होते. त्याच्या १०३० नॅनोमीटर संक्रमणाचा खालचा स्तर ६१२ तरंगसंख्यांवर आहे आणि कक्षतापमानाला त्यावर साडेचार टक्क्यांच्या आसपास आयन असतात. पारदर्शकतेसाठी सुमारे ५ ते ६ टक्के आयन वर उचलावे लागतात. हा ना माणिक, ना निओडिमियम; याला अर्ध-त्रिस्तरीय म्हणण्याची प्रथा आहे. पण हाच स्फटिक द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनपर्यंत थंड केला की औष्णिक ऊर्जा ५४ तरंगसंख्यांपर्यंत उतरते, खालच्या स्तरावर एक लाखामागे एखादाच आयन उरतो आणि तो निओडिमियमइतकाच चतुःस्तरीय होतो. स्फटिकात काहीही बदललेले नसते. तीन किंवा चार रेषांच्या आकृतीत तापमानाला जागाच नसल्यामुळे ही घटना तिच्यातून समजू शकत नाही.

मग असा अडचणीचा स्फटिक वापरावा कशासाठी? याचे उत्तर उष्णतेत आहे. निओडिमियम ८०८ नॅनोमीटरवर पंपून १०६४ वर प्रकाश घेतला, तर प्रत्येक फोटॉनमागे २४ टक्के ऊर्जा स्फटिकात उष्णतारूपाने राहते. यिटर्बियमला ९४१ वर पंपून १०३० वर प्रकाश घेतल्यास हा भाग ९ टक्क्यांच्या आत येतो. दोन्ही गोष्टी एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत. खालचा लेसर-स्तर मूलस्तरापासून जितका दूर, तितका तो रिकामा. पण तेथून मूलस्तरापर्यंतची प्रत्येक पायरी उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. चौथा स्तर फुकट मिळत नाही. उच्च शक्तीच्या लेसरमध्ये उंबरठ्याचा खर्च एकदाच भरून निघतो, उष्णता मात्र अखेरपर्यंत छळते. त्यामुळे तेथे जवळचा खालचा स्तर परवडतो, अट एवढीच की पंपनाची घनता प्रचंड असावी आणि स्फटिकाचा कोणताही भाग अंधारात राहू नये. १९९० च्या दशकाच्या आरंभी श्टुटगार्ट विद्यापीठात ॲडॉल्फ गीझन आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पातळ चकतीच्या लेसरने ही अट पुरी केली. मिलिमीटरच्या अंशाएवढ्या जाडीची चकती मागच्या बाजूने थंड केली जाते आणि पंपनाचा प्रकाश आरशांनी तिच्यातून अनेकदा फिरवला जातो, जेणेकरून थोड्या जाडीतही तो पुरेसा शोषला जावा. दिव्याने बाजूंनी उजळलेल्या जाड कांडीत यिटर्बियमला हा न्याय मिळाला नसता.