‘स्लो फ्लो’ म्हणजे नक्की किती स्लो? बाटलीच्या निप्पलवरचं संशोधन वाचताना

मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून ताईचा फोन आला. तिची बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांची होती आणि ती संपली होती. आता दिवसा बाळाला काढून ठेवलेलं दूध बाटलीने पाजायचं होतं. ती म्हणाली, “अगं, तू द्रवांच्या प्रवाहावर पीएचडी करतेस ना? मग सांग मला. 120 मिलि दूध हा पठ्ठ्या 6 मिनिटांत संपवतो, मग गुळण्या काढतो आणि परत रडतो. भूक लागली म्हणून अजून देऊ, की निप्पल बदलू?”

मी डॉक्टर नाही, तेव्हा वजन, ओले लंगोट वगैरे तिच्या बालरोगतज्ज्ञांकडे सोपवलं. ते सगळं ठीक होतं. राहिला प्रश्न निप्पलचा. इंटरनेटवर सल्ला एकच सापडतो: ‘स्लो फ्लो निप्पल घ्या, पेस्ड फीडिंग करा, म्हणजे बाळ जास्त पिणार नाही.’ या वाक्याच्या मागे कोणते पेपर आहेत ते मी शोधत गेले. पेपर वाचायची सवय लावून घेणाऱ्या तुमच्यासारख्यांना ही गोष्ट उपयोगी पडेल, कारण यातला प्रत्येक पेपर आपापल्या जागी चांगला आहे. गडबड आहे ती त्यांना जोडून केलेल्या वाक्यात.

पेस्ड फीडिंग म्हणजे काय

2002 साली डी कॅसिंग यांनी ‘जर्नल ऑफ ह्यूमन लॅक्टेशन’मध्ये स्तनपानाला पूरक ठरेल अशा बाटली-पाजण्याबद्दल लिहिलं. आज ज्याला पेस्ड फीडिंग म्हणतात ते साधारण असं असतं. बाळाला आडवं न ठेवता जवळजवळ बसतं धरायचं. निप्पल ओठांना लावून थांबायचं आणि बाळाने स्वतः तोंड उघडलं की आत द्यायचं. बाटली उभी न धरता जवळजवळ आडवी धरायची, निप्पलमध्ये दूध येईल इतपतच कलती. वीस-तीस सेकंद ओढून झालं की बाटली खाली झुकवायची, म्हणजे निप्पल तोंडात राहतं पण दूध येणं थांबतं. बाळ परत ओढायला लागलं की परत द्यायचं. अर्ध्यावर कूस बदलायची. आणि बाळाने तोंड फिरवलं, हात सैल सोडले, ओढणं मंदावलं की थांबायचं, बाटलीत कितीही उरलेलं असो.

यामागचा तर्क सरळ आहे. पोट ताणलं गेल्याचा आणि आतड्यातल्या संप्रेरकांचा ‘पुरे’ हा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो. पहिल्या काही महिन्यांत टाळूला काही लागलं की चोखणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. तोंडात आलेलं दूध गिळावंच लागतं, नाहीतर ठसका लागतो. म्हणजे दूध वेगाने येत असेल तर बाळ पितंय ते भुकेने की नाइलाजाने, हे बाहेरून कळत नाही.

पण मोजमापाच्या दृष्टीने बघा: बसतं धरणं, बाटलीचा कोन, मुद्दाम घेतलेली विश्रांती, खुणा बघून थांबणं, असे चार वेगवेगळे बदल एका नावाखाली आहेत. वर निप्पल बदललं की पाच. परिणाम दिसलाच तर श्रेय कुणाचं?

लेबल आणि मोजलेला वेग

निप्पलच्या बाबतीत सगळ्यात जास्त उद्धृत होणारं काम ब्रिट पॅडोस आणि सहकाऱ्यांचं आहे (2015 आणि 2016). त्यांची पद्धत मला फार आवडली, कारण ती साधी आहे. प्रत्येक प्रकारची 10 निप्पल घ्यायची, ब्रेस्ट पंपाने ठरावीक पद्धतीने ओढायचं आणि एका मिनिटात किती दूध आलं ते मोजायचं. घरी वापरल्या जाणाऱ्या निप्पलवरच्या 2016 च्या पेपरमध्ये सगळ्यात मंद निप्पलमधून मिनिटाला 2 मिलिपेक्षाही कमी दूध आलं आणि सगळ्यात वेगवान निप्पलमधून 85 मिलि. पण खरी बातमी पुढे आहे. ज्यांच्यावर ‘स्लो’ किंवा ‘न्यूबॉर्न’ लिहिलेलं होतं, फक्त तेवढीच घेतली तरी वेग 2 मिलिच्या आतपासून 15 मिलिपर्यंत पसरलेला होता.

म्हणजे ‘स्लो’ हा शब्द एका कंपनीच्या निप्पलची तिच्याच दुसऱ्या निप्पलशी तुलना करतो. दोन कंपन्यांमध्ये त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. तीच गोष्ट ‘0 ते 3 महिने’ या लेबलची. वयावरून निप्पल निवडायचं असं त्यावरून वाटतं, पण वेग ठरवायचा तो बाळाकडे बघून.

आता मर्यादा. पंप ठरलेल्या ताकदीने ओढतो, बाळ तसं करत नाही. दूध भराभर आलं तर ते ओढण्याचा जोर कमी करू शकतं, थांबू शकतं. त्यामुळे पंपाचा आकडा निप्पलची निप्पलशी तुलना करायला उत्तम, पण ‘माझं बाळ मिनिटाला इतकं पितं’ असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि बाळ किती दूध पिऊन थांबलं, हे तर या प्रयोगात मोजायचा प्रश्नच नव्हता.

इथे माझ्या विषयाचा एक छोटा हिशोब. बाटली उभी धरली आणि दुधाचा स्तंभ 10 सेंमी असला तर त्याचा दाब साधारण 1 किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे 7-8 मिमी. चांगलं ओढणारं बाळ याच्या कितीतरी पट जास्त ओढ निर्माण करतं. मग बाटली आडवी धरण्याचा उपयोग काय? तो मुख्यतः विश्रांतीच्या वेळी. बाळ ओढायचं थांबलं तरी उभ्या बाटलीतून दूध तोंडात उतरत राहतं आणि श्वास घ्यायची उसंत मिळत नाही. याच कारणाने बाटली उलटी करून थेंब मोजण्याची घरगुती चाचणी फार काही सांगत नाही, कारण ती फक्त गुरुत्वाचा भाग दाखवते.

‘जास्त पिणं’ कुणी मोजलं?

दुसऱ्या टोकाला रुओवेई ली आणि सहकाऱ्यांचे अमेरिकेतले पेपर आहेत. 2010 च्या पेपरनुसार सुरुवातीच्या महिन्यांत फक्त अंगावर प्यायलेल्या मुलांपैकी 27 टक्के मुलं पुढे बाटली किंवा कप पूर्ण रिकामा करत होती. दोन्ही प्रकारे प्यायलेल्यांत हे प्रमाण 54 टक्के होतं आणि फक्त बाटलीने प्यायलेल्यांत 68 टक्के. 2012 च्या पेपरमध्ये तर आईचंच दूध पण फक्त बाटलीने घेणाऱ्या मुलांचं वजनही, फक्त अंगावर पिणाऱ्यांच्या तुलनेत, महिन्याला 89 ग्रॅम जास्त वाढलेलं दिसलं. म्हणजे फरक फक्त दुधाच्या प्रकाराचा नाही, बाटलीशी काहीतरी संबंध आहे.

काहीतरी, पण काय? या पेपरांमध्ये निप्पलचा वेग मोजलेला नाही. शिवाय ही निरीक्षणं आहेत, प्रयोग नव्हे. मुळातच जास्त भुकेल्या बाळाला घरचे बाटलीकडे लवकर वळवत असतील, तर बाण उलट्या दिशेनेही जाऊ शकतो.

मग मधला दुवा, म्हणजे ‘वेग कमी केला की बाळ कमी पितं’, कुठून आला? वेगाबद्दलचं बरंच जुनं काम अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेलं आहे. शँटाल लाऊ आणि शॅनलर यांच्या 2000 सालच्या पेपरमध्ये बाळाला स्वतःच्या वेगाने पिता येईल अशी बाटली वापरली, तेव्हा या बाळांना पिणं अधिक चांगलं जमलं. त्यांचं उद्दिष्टच पुरेसं दूध पोटात जाणं हे होतं! तो निष्कर्ष उचलून पूर्ण दिवसांच्या धष्टपुष्ट बाळाला ‘कमी’ पाजण्यासाठी लावणं म्हणजे लोकसंख्या बदलली, उद्दिष्ट उलटं झालं आणि संदर्भ तोच राहिला.

याउलट ॲलिसन व्हेंचुरा आणि गोलेन यांचा 2015 चा छोटा पायलट अभ्यास बघा. त्यांनी बाटली अपारदर्शक आणि जड केली, म्हणजे किती दूध उरलंय ते आईला कळू नये. आया बाळाच्या खुणांकडे जास्त लक्ष देऊ लागल्या आणि मुलं कमी प्यायली. अभ्यास लहान आहे, पण त्याने बोट ठेवलंय ते निप्पलवर नाही, पाजणाऱ्याच्या नजरेवर. ‘थोडंच राहिलंय, संपवून टाक’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय.

ताईचा प्रयोग

मी ताईला म्हटलं, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. पहिले तीन दिवस निप्पल तेच, फक्त धरण्याची पद्धत बदलली. 6 मिनिटांत संपणारे 120 मिलि आता 14-15 मिनिटं चालू लागले, म्हणजे मिनिटाला 20 वरून साधारण 8 मिलि. ओठांच्या कडेने दूध गळणं आणि घटाघट आवाज थांबला. काही वेळा 20-30 मिलि उरू लागलं. पुढचे तीन दिवस दुसऱ्या कंपनीचं ‘स्लो’ निप्पल लावलं. बाळ अर्धा तास ओढत राहिलं, निप्पल आत चपटं होऊ लागलं, शेवटी ते चिडून किंवा थकून झोपी जायचं आणि तासाभरात परत उठायचं. जास्त मंद निप्पलच्या खुणा याच. ती जुन्या निप्पलवर परत गेली.

आई हे ऐकून म्हणाली, “आमच्या वेळी वाटी-चमचा होता.” खरं आहे, चमच्याने पाजताना प्रत्येक घोटानंतर आपोआप थांबावं लागतं.

पण बाळ कमी प्यायलं, असं मी लिहिणार नाही. वहीत एकेका वेळचं उरलेलं दूध होतं. दिवसभराची बेरीज आम्ही केली तेव्हा ती जवळपास पहिल्याइतकीच निघाली, कारण उरलेल्याची भरपाई ते पुढच्या वेळी करत होतं. रात्री अंगावर किती प्यायलं ते तर मोजलंच नव्हतं. शिवाय सहा दिवस, एक बाळ, आणि काय बदललंय हे ताईला माहीत होतं.

या विषयात प्रस्ताव लिहायचा झाला तर त्यात हे लागेल: पंपाने आधीच वेग मोजलेली निप्पल, त्यांच्यावरचं लेबल काढलेलं, बाटली अपारदर्शक, तेच बाळ दोन्ही निप्पलवर आळीपाळीने, आणि मोजमाप एका पाजण्याचं नाही तर 24 तासांचं, बाटली आधी आणि नंतर वजन करून. तोपर्यंत ‘बाळ निवांत पितं’ एवढं पेस्ड फीडिंगबद्दल ताईच्या वहीवरून मी म्हणेन. गुळण्या कमी झाल्या आहेत, आणि तिला तेवढं पुरेसं आहे.