दहा टक्क्यांच्या आतली चोरी

जळकोट तालुक्यातल्या मातीवर काम करणाऱ्या एका ज्युनिअरनं प्रबंधाचा मसुदा दाखवला. "रिपोर्ट आठ टक्के आलाय दादा, म्हणजे सुटलो ना?" मसुदा वाचला, तर जिथं चोरी होती तिथं रिपोर्ट कोरा होता, आणि जिथं रंग भरला होता तिथं चोरी नव्हतीच!

आधी कोरा भाग बघू. एका जुन्या लेखात मांडणी अशी होती: उताराच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी, कारण वरचा थर पावसानं वाहून जातो आणि खाली साचतो. यानं लिहिलं: चढावरच्या रानात कर्बाचं प्रमाण घटतं, कारण धुपलेली माती सखल भागात जमा होते. शब्द सगळे नवे, पण दावा, कारण आणि त्यांचा क्रम दुसऱ्याचा, आणि मूळ लेखकाचं नाव कुठंच नाही. हे शब्द बदलून केलेलं वाङ्मयचौर्य आहे. शब्द जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते सहसा दिसत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: मूळ लेख शेजारी ठेवा आणि वाक्यामागून वाक्य त्याच वाटेनं जातंय का ते बघा.

आता रंगलेला भाग. वॉकली-ब्लॅक पद्धतीचा परिच्छेद त्याच्याच आधीच्या लेखातून आला होता: 1 नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट 10 मिली, सांद्र सल्फ्युरिक आम्ल 20 मिली, अर्धा तास थांबणं, मग टायट्रेशन. टक्का उतरवायला यानं 'नॉर्मल'चं 'मोलर' केलं. डायक्रोमेटच्या या अभिक्रियेत 1 मोलर म्हणजे 6 नॉर्मल. म्हणजे कृतीच चुकली! असा परिच्छेद जवळपास तसाच ठेवावा आणि "ही पद्धत आमच्या आधीच्या लेखाप्रमाणे" असं लिहून संदर्भ द्यावा. काही बदल केला असेल तर तोही सांगावा. लेखाचा कॉपीराइट प्रकाशकाकडे असेल तर त्याचे नियमही बघावेत.

पण त्याच लेखातला निकालाचा तक्ता नवा म्हणून मांडला, तर तो स्वतःच्याच लेखनाची चोरी ठरतो. वाचकाला वाटतं पुरावा दोनदा मिळाला, प्रत्यक्षात नमुने तेच.

युजीसीच्या 2018 च्या नियमावलीवर माझी तक्रार इथंच आहे. दंड टक्क्यांवर ठरतो: दहापर्यंत काही नाही, दहाच्या वर ते चाळीसपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा सादर करा. त्यामुळं सगळ्यांना दहाचा आकडा तेवढा पाठ. खरं तर त्याच नियमावलीत साम्य अजिबात नको अशा भागांची यादी आहे: गोषवारा, सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निकाल, निष्कर्ष, शिफारशी. त्यात पद्धतीचं नाव नाही. एप्रिल 2020 च्या सूचनेतही युजीसीचा आक्षेप पुरेसा संदर्भ न देता स्वतःचं प्रकाशित लेखन पुन्हा वापरण्यावर आहे.

ज्युनिअरनं 'नॉर्मल' परत लिहिलं, दोन्हीकडं संदर्भ दिले. पद्धतीचा रंग तसाच राहिला. गाईडनं विचारलं तर तो परिच्छेद कुठून आला हे आता त्याला सांगता येतं.