'टू'च्या पुढची रिकामी जागा नेमकं काय तपासते?

पीएचडी प्रवेश परीक्षेच्या सराव-संचांत इंग्रजीचा एक प्रश्न ठरलेला असतो: 'आय ॲम इंटरेस्टेड इन ___ (लर्न)'. उत्तर 'लर्निंग'. 'इन', 'ऑफ', 'फ्रॉम' अशा शब्दांनंतर क्रियापद आलं की त्याला 'इंग' लागतं, एवढं पाठ असलं की काम झालं. माझ्या मते हा प्रश्न जवळपास वाया जातो, कारण 'इन' छापलेला असतो आणि तोच उत्तर सांगून टाकतो.

खरी अडचण 'टू'ची आहे. 'आय होप टू मीट यू' बरोबर, पण 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'टू' दिसायला एकच, काम मात्र दोन. पहिल्या वाक्यात तो पुढच्या क्रियापदाचाच भाग आहे, दुसऱ्यात शब्दयोगी अव्यय. ओळखायचं कसं? क्रियापद काढा आणि तिथे 'इट' ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणजे 'इंग' लावा. 'आय होप टू इट' चालत नाही, म्हणजे मूळ रूप. 'आय ॲम यूज्ड टू इट' चालतं, म्हणून 'यूज्ड टू वर्किंग अलोन' म्हणजे एकट्याने काम करायची सवय आहे. 'आय यूज्ड टू वर्क अलोन' म्हणजे पूर्वी करायचो. रिकाम्या जागेत दोन्ही रूपं बसतात, फरक फक्त आधीच्या 'ॲम'चा!

मराठी इथे अर्धी मदत करते. 'शिकण्यात रस', 'करण्यापासून रोखणे' यांतलं '-ण्या-' आणि पुढचा प्रत्यय म्हणजे जवळजवळ इंग्रजीचीच रचना. पण हरकत आपण 'करायला' घेतो, म्हणून हात आपोआप 'ऑब्जेक्ट टू शेअर' लिहितो. हवं 'ऑब्जेक्ट टू शेअरिंग'. सराव-संचांत अशा जागा जास्त हव्यात, आणि 'होप टू', 'लुक फॉरवर्ड टू' एकाच उताऱ्यात मिसळून. सगळी उत्तरं 'इंग'च असतील तर तिसऱ्या वाक्यापासून कोणी वाचतच नाही.

उत्तरसूचीबद्दल एक तक्रार आहेच. 'आय ॲम इंटरेस्टेड ___ (लर्न) हाऊ यू मेझर्ड इट' या जागेला फक्त 'इन लर्निंग' बरोबर धरलेलं मी पाहिलंय. पण एखादी माहिती कळून घ्यायची असते तेव्हा 'इंटरेस्टेड टू लर्न', 'टू नो', 'टू हिअर' हेही शुद्ध इंग्रजी आहे. एखादं तंत्र शिकण्यात रस असेल तर मात्र 'इन लर्निंग'च. त्यामुळे एकच उत्तर हवं असेल, तर वाक्य 'क्रिस्टलोग्राफी शिकण्यात' अशा अर्थाचं द्यायला हवं.