कौशिकाचे सत्य आणि टिळकांची साम्यबुद्धी

कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी कपिलधारकडे पायी जाणारी म्हातारी विचारते, “किती राहिलं रे बाळा?” बराच पल्ला उरलेला असतो, तरी सोबतचा तरुण म्हणतो, “आलंच की मावशी.” हे खोटे बोलणे चूक की बरोबर?

‘गीतारहस्या’च्या (१९१५) ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात टिळक सत्य, अहिंसा, अस्तेय या नियमांना महाभारतातले अपवाद दाखवतात. कर्णपर्वातला कौशिक हा त्यातला कळीचा. सदैव खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाने लुटारूंना लपलेल्या माणसांची वाट सांगितली. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला.

कौशिकाने काय करायला हवे होते? कांटने १७९७च्या निबंधात अशाच प्रसंगी, मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये, असे सांगितले. डब्ल्यू. डी. रॉस (१९३०) म्हणेल : सत्याचे कर्तव्य इथेही आहेच, पण जीव वाचवण्याचे कर्तव्य जड ठरते. जोनाथन डान्सी (२००४) याहून पुढे जातो. त्याच्या मते एखादी गोष्ट एका प्रसंगी कृतीच्या बाजूचे कारण असते, दुसऱ्या प्रसंगी तीच विरुद्ध जाते. म्हणून कोणतेही सामान्य तत्त्व योग्य कृती ठरवू शकत नाही. हाच नैतिक विशेषवाद.

रॉस आणि डान्सी यांतला फरक ओळखायची एक खूण आहे : खोटे बोलल्यावर मागे काही देणे उरते का? म्हातारीला मुक्कामी पोचल्यावर तरुण म्हणेल, “मावशी, धीर यावा म्हणून बोललो.” तिचे खरे ऐकण्याचे देणे तो मान्य करतो, इथे रॉस पटतो. लुटारूंकडे मात्र कोणी दिलगिरी व्यक्त करणार नाही. तिथे सत्याचे वजन हरलेले नाही, ते मुळी नव्हतेच. इथे डान्सी खरा ठरतो.

विशेषवादातला धोका उघड आहे. ‘माझा प्रसंग वेगळा’ ही पळवाट प्रत्येकाला सापडते. टिळकांना तो धोका दिसत होता. म्हणून अपवाद मोजून ते थांबत नाहीत. बाह्य कर्मापेक्षा कर्त्याची बुद्धी सम आहे का, सर्वांना तो आत्मवत पाहतो का, ही कसोटी लावतात. स्वार्थी अपवाद तिने गाळला जातो, हे तिचे बळ.

पण कौशिकावर ती लावून पाहा. त्याला ना लोभ होता ना द्वेष. लुटारू आणि पळणारे यांच्यात त्याने भेद केला नाही, हाच त्याचा दोष. सर्वांच्या जागी स्वतःला ठेवायचे, तर लुटारूंच्याही जागी ठेवावे लागेल. त्या क्षणी कोणाची जागा महत्त्वाची, हे साम्यबुद्धी सांगत नाही. ते प्रसंग पाहूनच कळते. साम्यबुद्धी डोळ्यावरचा स्वार्थाचा पडदा दूर करते. पाहण्याचे काम मात्र उरतेच. टिळकांच्या कसोटीची सीमा, माझ्या मते, इथे आहे.