तुकोबारायांचे दिवाळे : हसावे कुठे, थांबावे कुठे

गेल्या वर्षी आमच्या गावच्या सप्ताहात तिसऱ्या दिवशीच्या कीर्तनाला तुकोबारायांचे चरित्र होते. महाराज रंगून सांगत होते. कोकणात मिरच्या विकायला गेलेले तुकोबा, स्वतःच माप भरून नेणारी गिऱ्हाइके, रिकामे होणारे पोते, असे एकेक येत होते आणि मंडप हसत होता. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचे किराणा दुकान त्याच पावसाळ्यात बंद झाले होते. वडिलांच्या काळापासूनचे दुकान, उधारीत गेले. मिरच्यांच्या गोष्टीला तेही खळखळून हसले. पुढे जिजाई आल्या. महाराजांनी आवाज बारीक केला, हातवारे केले, कजाग बायकोची नक्कल केली. मंडप दुप्पट हसला. शेजारचे गृहस्थ मात्र खाली मान घालून टाळाची दोरी चाळवत बसले.

एकाच घराचे, एकाच बुडालेल्या धंद्याचे दोन प्रसंग. एका ठिकाणी त्यांना हसू आले, दुसऱ्या ठिकाणी आले नाही. हा फरक महाराजांच्या कौशल्याचा नव्हता. तो गाथेतच आहे, आणि आपण कीर्तनात तो बहुधा पुसून टाकतो. म्हणून हे चिंतन.

आधी धंदा काय होता ते पाहू. देहूचे हे घर खाऊनपिऊन सुखी होते. बाजारात महाजनकी, वाण्याचे दुकान, थोडी सावकारी. परंपरेने सांगतात की थोरले बंधू सावजी विरक्त, म्हणून तेराव्या वर्षी तुकोबांवर प्रपंच आला. सतराव्या वर्षाच्या सुमारास बोल्होबा आणि कनकाई गेले. मग 1630 च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ आला. गिऱ्हाईक उरले नाही, दिलेले पैसे परत येईनात, गुरे मेली. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगा संतूही गेला. दुकान मोडले.

ही हकिकत तुकोबाराय गाथेत एकदा सांगत नाहीत, निरनिराळ्या तऱ्हेने सांगतात. त्यातल्या दोन तऱ्हा शेजारी ठेवल्या की आपला प्रश्न सुटायला लागतो.

पहिली तऱ्हा आत्मचरित्रपर अभंगाची. तिथे ते आरंभीच म्हणतात की हे सांगू नये, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो. मग सरळ हिशेब येतो. आईबाप गेल्यावर प्रपंचाने फार गांजले, दुष्काळात पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्नासाठी टाहो फोडत मेली, लाज वाटली, धंद्यात तूट दिसू लागली. बायकोच्या मृत्यूला सबंध कडवेही मिळत नाही. अन्न हा शब्द मात्र दोनदा येतो, आणि तेवढ्यात ती भुकेलेली हाक ऐकू येते. या अभंगात विनोदाचा कणही नाही. दुःख वाढवून सांगितलेले नाही आणि झाकलेलेही नाही. क्रमही पाहावा. धंद्याची तूट बायकोच्या मागून येते. दुकान बुडाल्याचे दुःख आहे, पण ते कोणत्या दुःखाच्या पाठीमागे उभे राहायचे हे सांगणाऱ्याला पक्के ठाऊक आहे.

दुसरी तऱ्हा दिवाळ्याच्या अभंगाची. इथे वाणी आपली वही उलटी धरतो. दिवाळे निघाले, दुष्काळ आला, लोकांत अपमान झाला, पैसा गेला, गुरेढोरे गेली, बायको कर्कश मिळाली, अशा प्रत्येक तोट्यापुढे तो बरे हा एकच शब्द मांडतो. वहीत जे नावे पडायला हवे ते सगळे जमेला घेतो. हा उघड विनोद आहे आणि तो काळा आहे. ऐकणारा हसतो, कारण असा जमाखर्च कोणत्याच पेढीवर होत नाही. मग लक्षात येते की यादीतून काहीही सुटलेले नाही. जो माणूस खरोखर सारे विसरून गेला तो इतक्या बारकाईने कलमे मोजत नाही. दुःख त्या मोजदादीत राहिले आहे.

याच यादीत एक कलम असे आहे की तिथे हसू घशात अडकते. बायकामुलांची उपेक्षा झाली, हेही ते त्याच बरेच्या खाली मांडतात. बायकोला कर्कश म्हणणारे कलम आणि तिची उपेक्षा केल्याची कबुली देणारे कलम, दोन्ही एकाच पानावर आहेत. पहिले वाचून दाखवायचे आणि दुसरे गाळायचे, तर ती वही खोटी ठरते. शेवटी एकादशीचा उपवास आणि जागरण येते. दाणा नसलेल्या घरात उपवास हा शब्द दोन अर्थांनी ऐकू येतो, असे मला वाटते. भुकेचा उपवास आणि व्रताचा उपवास तिथे एक झाले आहेत.

याहून कडक अभंग आहे तो मृत्यूंचा. बाप, बायको, पोर, आई, एकेकाचे जाणे सांगून प्रत्येक वेळी तुकोबा जणू सुटल्याचा श्वास टाकतात. हा अभंग चारचौघांत गद्यात सांगून पाहा, निर्दय वाटेल. मग गाथेत तो निर्दय का वाटत नाही? तो कोणाला सांगितला आहे ते पाहावे. तो विठोबाला सांगितला आहे. आता तुझे माझे राज्य, मध्ये तिसरा कोणी उरला नाही, असा त्याचा भाव आहे. दिवाळ्याचा अभंगही देवालाच सांगितलेला आहे. ज्याने हे होऊ दिले त्याच्या तोंडावर बरे केलेस म्हणणे हे शरण जाणेही आहे आणि भांडणही आहे.

इथे मला तोलाचे सूत्र सापडते. संतसज्जनांनी विचारले तेव्हा तुकोबांनी दुःख साधेपणाने सांगितले. कडवट हसणे त्यांनी देवासाठी राखले, आणि तेही स्वतःच्या वहीवरचे. आपण कीर्तनात नेमके उलटे करतो. हसणे माणसांसमोर आणतो आणि ते भुकेलेल्या बाईवर लादतो.

याचे उदाहरण म्हणजे दोनशे रुपयांची कथा. महिपतीबोवांनी तुकोबांनंतर शंभरावर वर्षांनी, अठराव्या शतकात, भक्तविजय आणि भक्तलीलामृत लिहिले. त्यांच्यामुळे ही कथा आपल्यापर्यंत आली. धंदा बुडाल्यावर जिजाईंनी आपल्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून दिले. तुकोबांनी माल घेतला, विकला, दोनशेचे अडीचशे झाले. परत येताना कर्जापायी गांजलेला एक माणूस भेटला आणि सगळे अडीचशे त्याला देऊन तुकोबा मोकळ्या हाताने घरी आले.

ही कथा ऐकताना हसू येते, आणि ते यायलाच हवे. आयुष्यात एकदा नफा झाला आणि तोही असा गेला. पण हिशेब पुरा करावा. नफ्याचे पन्नास गेले एवढेच नाही, मुद्दलाचे दोनशेही गेले. तुकोबा मोकळे झाले, जिजाई मात्र कर्जात उभ्या राहिल्या. पुण्याच्या सुस्थितीतल्या घरातून आलेल्या या बाईने आपली पत घालून नवऱ्याला पुन्हा धंद्यात उभे केले होते. कीर्तनात रुपये येतात, दान येते, मग जिजाईंचा संताप येतो. ज्या नावावर कर्ज काढले ते नाव तेवढे गळते. ते गळले की संताप हा स्वभाव ठरतो आणि मंडप हसतो. ते ठेवले की त्याच संतापात दुसऱ्या दिवशी दारात येणारा सावकार दिसतो. हसू बंद होत नाही, पण ते जिजाईंवरचे राहत नाही. परमार्थाच्या हिशेबात अडीचशेचे दान फार मोठे आहे. म्हणूनच ते कोणाच्या खात्यातून गेले हे सांगायला संकोच नको.

गाथेत बायकोच्या तोंडचे काही अभंगही आहेत. घरात धान्य येते, पोरांना मिळत नाही, लोकांचीच भर होते, असा त्यांचा सूर आहे. शिव्या खमंग आहेत. त्यावरून कोणी म्हणेल की तुकोबांनीच पत्नीची चेष्टा केली आहे, मग कीर्तनकाराला दोष का? पण तिथे विनोद कोण करते आहे? त्या बाई करताहेत, आणि त्याचा मारा होतो आहे तुकोबांवर. आपल्यावरची तक्रार तुकोबांनी इतकी धारदार करून आपल्याच गाथेत ठेवली आहे. ती म्हणताना आवाज बारीक करण्याची गरज नाही. साध्या आवाजात म्हटली तरी लोक हसतील, आणि पोरांच्या दाण्यांपाशी आपोआप थांबतील.

मंडपातही हे ओळखता येते. तोल साधला असेल तर हशा पिकल्यावर क्षणभर शांतता होते, मग गजर येतो. तोल गेला असेल तर हशा वाढत जातो, आणि रखमाबाईंचा मृत्यू सांगताना महाराजांना आवाज मुद्दाम रडवा करावा लागतो. रडवा आवाज आला की समजावे, आधी कुठेतरी नको तिथे हसवले गेले आहे.

कर्जखतांचा शेवट सर्वांना माहीत आहे. ती इंद्रायणीत बुडवली. पण सगळी नाही. निम्मी धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाटणीची म्हणून त्यांच्या हाती दिली आणि फक्त आपली निम्मी बुडवली, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच्या संसारावर आपले वैराग्य लादायचे नाही, एवढा हिशेब त्या क्षणीही शाबूत होता. कीर्तनकाराने हास्याच्या बाबतीत हीच वाटणी करावी. तुकोबांच्या वाटणीचे हसून बुडवावे, जिजाईंच्या वाटणीचे त्यांच्या हाती ठेवावे.

त्या रात्री कीर्तन संपल्यावर शेजारचे गृहस्थ एवढेच म्हणाले, “आमच्या घरात पण ओरडणं झालं हो. पण दागिने तिचेच गेले होते.”

रामकृष्णहरि.