तुकडा येतो, गाणं येत नाही

आजचा विषय तसा अगदी छोटा आहे. गाण्यातला एखादा अवघड तुकडा घ्यायचा, मोबाइलवर तो पुन्हापुन्हा वाजत ठेवायचा आणि त्यावर नाचाचा किंवा वाद्याचा सराव करायचा. ज्याला सगळे ‘लूप लावणं’ म्हणतात. ही सवय आता घरोघरी आहे आणि ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. चाळीस वेळा तुकडा घोटला जातो, तो बिनचूक यायला लागतो आणि रंगमंचावर नेमका त्याच तुकड्याच्या तोंडाशी किंवा शेवटाशी नाच अडखळतो. असं का होतं, ते आज तपासू या.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. एकच तुकडा सतत वाजवत त्यावर रियाज करणं आपल्याकडे नवीन नाही. तबल्याचं एकलवादन आठवा, कथक आठवा. हार्मोनिअमवर किंवा सारंगीवर एकच चाल फिरत राहते. आपण तिला लेहरा म्हणतो, नगमा म्हणतो. तीनतालाचा लेहरा सोळा मात्रा चालतो आणि परत समेवर येतो. म्हणजे हासुद्धा लूपच झाला. मग मोबाइलच्या लूपमध्ये आणि यात फरक काय? लेहरा मुळातच परत येण्यासाठी बांधलेला असतो. त्याच्या शेवटच्या मात्रा समेकडे ओढ घेतात, त्यामुळे त्याचा जोड समेवर पडतो आणि तो कानाला खटकत नाही. गाण्याचा तुकडा मात्र परत येण्यासाठी बांधलेला नसतो. तो पुढे जाण्यासाठी असतो. त्याच्या शेवटी पुढच्या ओळीची तयारी असते, आणि आपण त्याला ओढून मागे आणतो. हा जोड आपला असतो, संगीतकाराचा नाही. म्हणून लूपचं परीक्षण करायचं तर तुकड्याच्या आधी जोडाचं करायला हवं.

एक उदाहरण घेऊ. समजा, कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी एक मुलगी लावणीच्या अंगाचा नाच बसवते आहे. दोन कडव्यांच्या मधे ढोलकीचा एक तुकडा आहे. ठेका आठ मात्रांचा केरवा, लय मिनिटाला 120 मात्रा. म्हणजे एक मात्रा अर्धा सेकंद, एक आवर्तन 4 सेकंद. तुकडा चार आवर्तनांचा, म्हणजे 16 सेकंदांचा. तिने मोबाइलवर अंगठ्याने सुरुवात आणि शेवट खुणावला आणि लूप लावला. अंगठा किती बारीक काम करणार? तिचा लूप भरला 15.8 सेकंदांचा.

आता 0.2 सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण मात्राच अर्ध्या सेकंदाची आहे, त्यामुळे मात्रेचे दोन पंचमांश दर फेरीला गळतात. कुठून गळतात? शेवटच्या मात्रेतून. म्हणजे समेवर यायच्या आधीचं जे पाऊल आहे, त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही. ती मुलगी काही मुद्दाम चूक करत नाही. पाय हुशार असतो, पाचसहा फेऱ्यांत तो ते पाऊल आवळून घेतो आणि लूपशी छान जुळतो. तिला वाटतं, बसलं. मूळ गाणं लावलं की मात्र तेच पाऊल लवकर पडतं आणि समेच्या आधी ती पोचलेली असते. अशा वेळी आपण म्हणतो, ‘हिची लय पळते’. लय पळत नाही, ती इमानदारीने चुकीच्या लूपवर शिकली आहे.

हे ओळखायचं कसं? दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली, नाचू नका, नुसत्या टाळ्या देत मोठ्याने एक ते आठ मोजत लूप तीनचार वेळा ऐका. जोड बरोबर असेल तर मोजणी सरळ निघून जाते. चूक असेल तर आठ आणि एकच्या मधे जीभ अडखळते. दुसरी, लूप दहा वेळा वाजू द्या आणि घड्याळ लावा. आपल्या उदाहरणात 160 सेकंद लागायला हवेत, लागतील 158. एका फेरीत न दिसणारी चूक दहा फेऱ्यांत समोर येते. पण यातही एक मर्यादा सांगतो. जुन्या गाण्यांत सगळा ताफा प्रत्यक्ष बसून वाजवायचा, त्यामुळे लय घड्याळासारखी सरळ नसते, किंचित चढते. तिथे गणिताने काढलेले सेकंद फसवतात. म्हणून कापायचं ते हिशेबाने नाही, समेच्या थापेवर. थाप सुरू होण्याच्या किंचित आधी सुरुवात, आणि चार आवर्तनांनंतरची थाप सुरू होण्याच्या किंचित आधी शेवट. थापेच्या मधे कापलंत तर तिचा ठोसा जातो आणि पायाला पकडायला काही राहत नाही.

अजून एक बारकावा. तुकडा कापून वेगळी फाइल केली आणि ती MP3 म्हणून ठेवली, तर त्या पद्धतीत फाइलच्या टोकांना थोडी शांतता चिकटते. मग लूप लहान होण्याऐवजी लांब होतो आणि अनेक प्लेअरमध्ये प्रत्येक फेरीला एक छोटासा खड्डा ऐकू येतो. तीच फाइल WAV म्हणून ठेवली तर हा त्रास होत नाही.

समजा, हे सगळं नीट केलं. लूप बरोबर 16 सेकंदांचा झाला. तरीही एक दोष उरतो, आणि माझ्या मते तो जास्त गंभीर आहे. त्या तुकड्यात मुलगी मध्यावरून सुरू करते आणि गिरक्या घेत डाव्या बाजूला संपवते. पण लूप लगेच परत सुरू होतो! तिला पुन्हा मध्यावर पोचायला वेळच नाही. मग काय होतं? चौथ्या आवर्तनातल्या शेवटच्या दोन गिरक्या ती अर्धवट सोडते आणि धावत जागेवर येते. चाळीस फेऱ्या झाल्या म्हणजे पहिलं आवर्तन चाळीस वेळा झालं, आणि चौथं? चाळीस वेळा अर्धंच. शिवाय त्या चाळीस वेळांत ती तुकड्यात शिरली कुठून? तुकड्याच्याच शेवटातून. खऱ्या गाण्यात ती कडव्याच्या शेवटच्या ओळीतून शिरणार आहे, हात वेगळीकडे असणार, श्वास वेगळा असणार. ते शिरणं तिने एकदाही केलेलं नाही.

यावरचा उपाय साधा आहे. एक म्हणजे लूपच्या शेवटी बरोबर एक आवर्तन रिकामं ठेवायचं. आपल्या उदाहरणात 4 सेकंदांची शांतता, म्हणजे लूप 20 सेकंदांचा. त्या रिकाम्या आवर्तनात आठ मात्रा मोजत जागेवर यायचं. गिरक्या पूर्ण होतात आणि मोजणीही तुटत नाही. इथे तीन किंवा पाच सेकंद चालणार नाहीत बरं का, पुरं आवर्तनच हवं, नाहीतर सम पुन्हा हातातून सुटते. दुसरं म्हणजे, तुकडा बसला की तो लूप सोडून दोन लहान लूप करायचे. एकात तुकड्याच्या आधीचं एक आवर्तन आणि तुकड्याचं पहिलं आवर्तन. दुसऱ्यात तुकड्याचं शेवटचं आवर्तन आणि पुढच्या कडव्याचं पहिलं. या लहान लूपांनाही शेवटी ते रिकामं आवर्तन ठेवायचं. म्हणजे ज्या दोन दारांतून गाणं जातं, ती दारंच घोटायची. तुकडा घोटायला अर्धा तास दिला असेल तर या दारांना निदान दहा मिनिटं द्यायला हवीत.

आता लय कमी करण्याबद्दल. हल्ली सूर न बदलता गाणं निम्म्या गतीने वाजवता येतं. पदन्यास समजून घ्यायला ते उत्तम आहे. पण तुकड्यात उडी असेल तर सावध राहा. वीस सेंटिमीटरची उडी मारली तर माणूस हवेत साधारण 0.4 सेकंद असतो, आणि गाणं हळू केलं म्हणून तो हवेत जास्त वेळ थांबत नाही. मूळ लयीत मात्रा 0.5 सेकंदाची, म्हणजे उडीने जवळजवळ सगळी मात्रा भरते. उडालात आणि उतरलात की पुढची मात्रा आलीच. निम्म्या लयीत मात्रा एका सेकंदाची होते, उडी निम्म्याहूनही कमी मात्रेत संपते आणि उरलेला वेळ पाय जमिनीवर वाट बघत राहतो. म्हणजे हळू लयीत तुम्ही उडी नाही शिकलात, उतरून थांबायला शिकलात. हार्मोनिअमवाल्यांचंही असंच आहे. निम्म्या लयीत तीच ओळ दुप्पट वेळ चालते, भात्याला हवा दुप्पट वेळ पुरवावी लागते आणि हाताला वेगळ्याच ठिकाणी भाता दाबायची सवय लागते. बोटं हळू लयीत बसवा. उडी आणि भाता मात्र मूळ लयीच्या जवळ गेल्याशिवाय बसत नाहीत.

शेवटी, किती वेळा? हा प्रश्न चिठ्ठीवरही आला आहे. 1979 साली शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला होता. तीन वेगवेगळ्या हालचाली शिकायच्या होत्या. एका गटाने एक हालचाल पूर्ण घोटून मग दुसरी घेतली, दुसऱ्या गटाने तिन्ही उलटसुलट केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. दहा दिवसांनी तपासलं तेव्हा उलटसुलट सराव करणाऱ्यांना जास्त आठवत होतं. हा प्रयोग नाचावर नव्हता, त्यामुळे त्यातून आकडा काढू नका. पण सरावात जे सहज वाटतं तेच टिकतं असं नाही, एवढं त्यातून दिसतं. म्हणून मी संख्या सांगत नाही, खूण सांगतो. लूप लावलेला असताना एका आवर्तनापुरता आवाज बंद करा आणि नाचत राहा. आवाज परत आला तेव्हा तुम्ही समेवर असाल तर लूपचं काम संपलं. त्यानंतरची प्रत्येक फेरी आनंदासाठी खुशाल करा, पण सराव करायचा असेल तर गाणं मागच्या कडव्यापासून लावा.